भरता येणारी पीडीएफ: चौकटीबाहेरची मराठी टिकते, आतली का फुटते?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरतो तेव्हा त्याचा प्रवास ठरलेला असतो. केळी उत्पादक गटाचा सचिव पीडीएफ टाकतो. शेतकरी झेरॉक्सच्या दुकानात तिची प्रिंट काढतो, पेनाने भरतो, तिथेच काउंटरवर ठेवून फोटो काढतो आणि परत पाठवतो. सचिवाला मिळतो तो वाकडा फोटो. गट नंबरवर नेमकी हाताची सावली असते, मग "भाऊ, हा पाच आहे की सहा?" असं विचारायला फोन जातो. असे साठ-सत्तर फॉर्म आले की वहीत उतरवता उतरवता रात्र होते.

अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं, "भरता येणारी पीडीएफ बनवा ना, आयकराच्या फॉर्मसारखी." सचिव वर्डमध्ये फॉर्म मांडतो, टिक करायचे चौकोन टाकतो, गावांची यादी उघडेल अशी सोय करतो, आणि Save As मधून पीडीएफ काढतो. उघडून बघतो तर चौकोनावर टिक होत नाही आणि यादी उघडत नाही. सगळं नुसतं चित्र झालेलं असतं. यात सचिवाची काही चूक नाही. वर्डमधल्या भरायच्या जागा Save As पीडीएफ करताना पुढे जातच नाहीत. त्यासाठी वेगळं साधन लागतं, आणि ते फुकट मिळतं. पण साधनाकडे जाण्याआधी पीडीएफच्या पोटात काय असतं ते थोडं पाहू, कारण मराठी फॉर्मचं खरं दुखणं तिथे आहे.

## पानावर छापलेलं वेगळं, चौकट वेगळी

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने 1993 साली आणला. कुठल्याही संगणकावर पान जसंच्या तसं दिसावं, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी पानावरच्या अक्षरांचा फॉन्टही फाइलच्या आतच भरून पाठवता येतो. पुढे 1996 मध्ये त्यात भरायच्या जागांची सोय आली. अशा प्रत्येक जागेला 'फील्ड' म्हणतात. आपण चौकट म्हणू. लिहायची चौकट, टिकचा चौकोन, अनेकांतून एक निवडायचा गोल आणि उघडणारी यादी, एवढ्या चार प्रकारांत आपलं काम भागतं.

चौकट पानावर छापलेली नसते. छापलेल्या पानाच्या वर तिचा वेगळा थर असतो. प्रत्येक चौकटीला एक नाव असतं, ते भरणाऱ्याला दिसत नाही. आणि भरलेल्या चौकटीत दोन गोष्टी साठतात: एक भरलेला मजकूर, आणि दुसरं त्या मजकुराचं पानावर उमटणारं चित्र. केळीच्या खोक्यात माल असतो आणि खोक्यावर लेबल असतं, तसंच हे. लेबल चुकलं म्हणून आतला माल बदलत नाही, पण बघणारा लेबलच वाचतो.

हे दोन भाग वेगळे असल्यामुळे एक नेहमीचा घोटाळा होतो. भरलेला फॉर्म परत येतो, उघडला तर कोरा दिसतो, आणि चौकटीवर टिचकी मारली की नाव एकदम प्रकट होतं. बाजूला टिचकी मारली की पुन्हा गायब. ज्या ॲपमध्ये फॉर्म भरला त्याने मजकूर साठवला, पण चित्र काढलंच नाही. शेतकऱ्याला "तुम्ही कोराच पाठवला" म्हणण्याआधी एकदा चौकटीवर टिचकी मारून बघा.

## चौकटीत मराठी का फुटते

पानावर छापलेलं 'शेतकऱ्याचे नाव' हे शब्द कधी फुटत नाहीत. ती अक्षरं जोडून, काना-मात्रा जागच्या जागी बसवून, फॉन्टसकट फाइलमध्ये गेलेली असतात. चौकटीचं तसं नाही. तिच्यात कोण काय लिहील हे बनवताना माहीत नसतं. त्यामुळे मजकुराचं चित्र भरतेवेळी, भरणाऱ्याच्या मोबाईलवर किंवा संगणकावर तयार होतं. चौकटीत फक्त एवढी सूचना असते, की अमुक फॉन्ट, अमुक आकार वापर.

हा फॉन्ट बहुतेक वेळा हेल्वेटिका किंवा त्याच्यासारखा असतो. पीडीएफमध्ये 14 फॉन्ट मूळचे धरलेले आहेत, त्यात देवनागरी एकही नाही. मग ते ॲप जवळपासचा दुसरा फॉन्ट शोधतं. नाहीच मिळाला तर रिकामे चौकोन उमटतात.

फॉन्ट मिळाला तरी काम अर्धंच होतं. मराठी अक्षरं एकामागे एक मांडून चालत नाहीत. 'खि' लिहिताना आधी ख येतो आणि मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी ख च्या आधी यावी लागते. 'र्डी' मधला र उडी मारून डी च्या डोक्यावर रफार होतो. ही जोडणी करणारी यंत्रणा त्या ॲपच्या फॉर्म भरण्याच्या भागात असली तरच शब्द नीट उमटतो. इंग्रजीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून परदेशात बनलेल्या कित्येक ॲपमध्ये ही उणीव वर्षानुवर्षं तशीच राहते.

तपासायला रावेर तालुक्यातल्या एका गावाचं नाव नामी आहे: खिर्डी. पहिली वेलांटी, रफार आणि दुसरी वेलांटी, सगळं एका शब्दात. चौकटीत खिर्डी लिहा, फाइल सेव्ह करा, बंद करा आणि दुसऱ्याच ॲपमध्ये उघडा. वेलांटी ख च्या उजवीकडे लटकली असेल, र खाली पाय मोडून उभा असेल, तर तुमच्या फॉर्मच्या चौकटी मराठी झेपवणाऱ्या नाहीत. सेव्ह करून दुसरीकडे उघडणं मात्र गाळू नका. फायरफॉक्ससारखा ब्राउझर टाईप करताना चौकटीच्या जागी वेब पानासारखी स्वतःची चौकट ठेवतो, तिच्यात मराठी झकास दिसते. पीडीएफमध्ये काय उमटलं ते नंतरच कळतं.

आता माल खराब आहे की फक्त लेबल, हेही कळू शकतं. फुटलेला मजकूर चौकटीतून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे 'खिर्डी' नीट दिसलं तर मजकूर शाबूत आहे, बिघाड चित्रात आहे. तिथेही रोमन अक्षरांची खिचडी आली तर मजकूरच बिघडलेला आहे. हे दुसरं घडतं ते श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमुळे. या फॉन्टमध्ये आत रोमन खुणाच साठवलेल्या असतात, वर फक्त मराठी आकार दिसतात. जळगाव-भुसावळकडच्या डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत हे फॉन्ट अजून चालतात, आणि छपाईला ते उत्तमच आहेत. पण फॉर्मच्या चौकटीला तो फॉन्ट लावला तर भरणाऱ्याकडेही तोच फॉन्ट लागतो, आणि जमा झालेली माहिती एक्सेलमध्ये निरुपयोगी ठरते. फॉर्मसाठी मंगल, निर्मला यूआय, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फॉन्टच घ्या.

## म्हणून मराठी चौकटीच्या बाहेर ठेवा

छापलेली मराठी टिकते आणि चौकटीतली मराठी भरवशाची नसते. मग फॉर्म आखतानाच असा आखावा, की मराठी शब्द पानावर छापलेले असतील आणि चौकटीत टिक, आकडे किंवा रोमन अक्षरं एवढंच येईल. मला तरी मराठी फॉर्मचा याहून पक्का नियम माहीत नाही.

समजा रावेर-यावलच्या एका केळी उत्पादक गटाला कापणीची नोंदणी घ्यायची आहे. कोणाची बाग कधी कापणीला येईल हे कळलं की गाड्या आणि कापणीवाल्या मजुरांच्या टोळ्या ठरवता येतात. एका पानाचा फॉर्म पुरे. त्यात काय विचारायचं आणि प्रत्येकाला कसली चौकट द्यायची, ते बघू.

नाव लिहायची चौकट, आणि शेजारी छापायचं: 'इंग्रजी अक्षरांत, बँक पासबुकाप्रमाणे.' मराठी फॉर्ममध्ये हे खटकतं, मान्य आहे. पण पैसे शेवटी पासबुकावरच्या नावावरच जाणार आहेत, त्यामुळे कारणही सांगता येतं. मोबाईलला लिहायची चौकट, जास्तीत जास्त 10 अक्षरांची. गट नंबर आणि खोडांची संख्या याही लिहायच्याच, पण आकड्यांच्या.

गावासाठी बहुतेकांच्या डोक्यात उघडणारी यादीच येते. इथे थोडं थांबा. यादी उघडल्यावर आतली नावं कदाचित नीट दिसतील, पण निवडलेलं नाव चौकटीत उमटताना पुन्हा त्याच फॉन्टच्या वाटेने जातं. म्हणजे शेतकरी यादीतून 'खिर्डी' निवडणार आणि चौकटीत मोडकं खिर्डी येणार. गटात ऐनपूर, खिर्डी, निंभोरा, विवरा, सावदा, फैजपूर, न्हावी, भालोद अशी आठच गावं असतील, तर यादी नकोच. पानावर आठ नावं दोन ओळींत छापा आणि प्रत्येकापुढे निवडायचा गोल ठेवा. डोळ्याला सगळी गावं एकदम दिसतात, आणि फॉर्म छापून पेनाने भरायचा झाला तरी चालतो. छापलेल्या कागदावर यादी कशी उघडणार? गावं तीस-चाळीस असतील तर मात्र यादी घ्यावीच लागेल. मग खिर्डीच्या परीक्षेत फॉर्म नापास झाला असेल तर नावं रोमनमध्ये टाका.

बाग मृगबाग की कांदेबाग, नवती की पिलबाग, हे दोन्ही प्रश्न गोलांचे. एकात एकच उत्तर. 'ठिबक आहे', 'घडांना पिशव्या लावल्या आहेत', 'गाडी बागेपर्यंत येते' ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून इथे टिकचे चौकोन. गोल आणि चौकोन यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे, आणि ती वरवर दिसत नाही. मृगबाग-कांदेबागला चौकोन दिले तर एखादा दोन्हीवर टिक करून पाठवतो. कधी त्याच्या खरंच दोन्ही बागा असतात, तर कधी बोट चुकून लागलेलं असतं, आणि सचिवाला काहीच उमगत नाही. दोन्ही बागा असतील तर 'एका बागेला एक फॉर्म' अशी ओळ वरच छापा.

कापणीचा पंधरवडा ही उघडणाऱ्या यादीची खरी जागा. वर्षात पंधरवडे 24, एवढे गोल पानावर मावणार नाहीत, आणि ते नुसत्या आकड्यांत लिहिता येतात: 06: 1-15, 06: 16-30, असे. शेजारी मराठीत छापा, 'पहिला आकडा महिन्याचा'. यादीत आधीपासून काही निवडून ठेवू नका. पहिली नोंद आपोआप निवडलेली असेल तर निम्मे लोक तिला हातही लावत नाहीत, आणि सगळ्या पट्ट्याची केळी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कापणीला येते.

पानाच्या तळाशी कापून घ्यायची पावती. तिच्यात नाव आणि मोबाईल पुन्हा यायला हवेत, पण शेतकऱ्याने दोनदा लिहायचं कशाला? दोन चौकटींना एकच नाव दिलं, की एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप येतं. तेच इतर ठिकाणी अंगाशीही येतं. एक चौकट कॉपी करून दहा ठिकाणी चिकटवली आणि नावं बदलायची राहिली, तर खोडांच्या चौकटीत मोबाईल नंबर उमटतो.

## आता बनवायला बसू

लिबरऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. पैसे मोजायची तयारी असेल तर ॲक्रोबॅट प्रो आहे. त्यातलं Prepare Form छापील फॉर्मवरच्या रेघा ओळखून चौकटी स्वतः टाकतं, पण त्यांची नावं आणि प्रकार नंतर हाताने तपासावेच लागतात. इथे लिबरऑफिसचंच बघू.

लिबरऑफिसमधलं वर्डसारखं रायटर उघडा आणि आधी फॉर्म साध्या तक्त्यात मांडा. डाव्या कप्प्यात छापील प्रश्न, उजवा कप्पा रिकामा. तक्ता नसेल तर वरची एक ओळ वाढली की खालच्या सगळ्या चौकटी आपल्या प्रश्नांना सोडून सरकतात. छापील भाग पूर्ण, वाचून, तपासून झाल्यावरच चौकटींना हात घाला.

Form मेनूत Design Mode चालू करा. हे चालू असताना चौकट बनवता आणि हलवता येते, बंद असताना ती भरून बघता येते. नवखा माणूस इथेच अडकतो. त्याच मेनूतून Text Box निवडा, कप्प्यात माउस ओढून चौकट काढा आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारा. गुणधर्मांची खिडकी उघडते. Name मध्ये चौकटीचं नाव रोमनमध्ये, एकसंध लिहा: `shetkari`, `mobile`, `gat_no`, `khod`. नावात टिंब नको, कारण पीडीएफमध्ये टिंबाने नावाचे दोन थर पडतात. मोबाईलच्या चौकटीला Max. text length मध्ये 10 टाका. Anchor हा As character ठेवला की चौकट कप्प्यात अक्षरासारखी बसते आणि हलत नाही. Help text मध्ये लिहिलेली सूचना, चौकटीवर माउस नेला की दिसते.

गोलासाठी Option Button घ्या. एका प्रश्नाच्या सगळ्या गोलांना Group name सारखं द्या, समजा `bag`. Reference value (on) प्रत्येकाचं वेगळं, एकाला `mrug`, दुसऱ्याला `kande`. Group name वेगवेगळं राहिलं तर दोन्ही गोल एकाच वेळी भरता येतात; फॉर्म बिघडल्याची हीच खूण. Label पुसून टाका आणि 'मृगबाग' हा शब्द तक्त्यात साध्या अक्षरांत लिहा. तसं केलं की तो छापील भागात जातो, आणि छापील मराठी टिकते. टिकच्या चौकोनाचं, म्हणजे Check Box चं, Label ही असंच पुसा. तिथे Group name नको, प्रत्येकाचं Name वेगळं.

पंधरवड्यासाठी List Box घ्या आणि Dropdown ला Yes करा. List entries मध्ये एक नोंद लिहिली की Shift+Enter दाबून पुढची लिहायची. नुसतं Enter दाबलं तर यादी तिथेच मिटते. यादीत नसलेलं काही लिहू द्यायचं असेल तर List Box ऐवजी Combo Box असतो. पण मग लोक '06: 1-15' आणि 'जून पहिला आठवडा' असं दोन्ही लिहितात, आणि यादी देण्याचा फायदा जातो.

शेवटी Form मेनूतलं Activation Order उघडून क्रम लावा. संगणकावर Tab दाबल्यावर नावातून मोबाईलवर जायचं, तर ते थेट पावतीत जाऊ नये.

आता File, Export As, Export as PDF. General या पानावर Create PDF form वर टिक हवी. पावतीची युक्ती वापरली असेल तर त्याच्याच खाली Allow duplicate field names वरही टिक करा. ती नसेल तर लिबरऑफिस सारख्या नावांच्या चौकटींना स्वतःच वेगळी नावं देतं आणि पावती कोरी राहते.

## पाठवण्याआधी आत डोकावा

फॉर्म उघडून, भरून बघणं तर झालंच. पण चौकटींची नावं आणि साठलेला मजकूर थेट वाचता आला तर अर्धी कटकट आधीच मिटते. त्यासाठी पीडीएफटीके हे छोटं फुकट साधन आहे. कमांड लिहायची सवय नसेल तर गावातल्या एखाद्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला बसवा, पाच मिनिटांचं काम आहे.

```
pdftk kapani.pdf dump_data_fields_utf8 output yadi.txt
```

`yadi.txt` मध्ये प्रत्येक चौकटीचा असा उतारा मिळतो:

```
FieldType: Button
FieldName: thibak
FieldFlags: 0
FieldValue: Off
FieldStateOption: Off
FieldStateOption: Yes
```

हा ठिबकचा चौकोन आहे. टिक असेल तर Yes, नसेल तर Off. गोलांसाठी तुम्ही दिलेले `mrug` आणि `kande` इथे दिसतात का, ते बघा. लिबरऑफिसच्या आवृत्तीनुसार यात फरक पडू शकतो, आणि तो फॉर्म वाटण्याआधी कळलेला बरा.

'टिचकी मारली की दिसतं' असे कोरे वाटणारे फॉर्म परत आले, तर त्यावरही इलाज आहे. पुढची कमांड फाइलमध्ये एक खूण करते, की उघडणाऱ्या ॲपने सगळी चित्रं नव्याने काढावीत:

```
pdftk aalela.pdf output dista.pdf need_appearances
```

## "एवढं करण्यापेक्षा गूगल फॉर्म काय वाईट?"

काहीच वाईट नाही. प्रत्येकाच्या मोबाईलला नेट आहे, सही लागत नाही, कागद लागत नाही, फक्त माहिती एक्सेलमध्ये यायला हवी, असं असेल तर गूगल फॉर्मच करा. तिथे मराठी फुटत नाही आणि माहिती थेट तक्त्यात येते. पीडीएफ कामाची ठरते ती तोच फॉर्म काहींना मोबाईलवर आणि काहींना कागदावर भरायचा असतो तेव्हा, खाली सही घेऊन फाइलला लावायचा असतो तेव्हा, आणि नेट नसताना बागेत बसून भरायचा असतो तेव्हा. सातपुड्याच्या पायथ्याला नेट कसं चालतं हे वेगळं सांगायला नको.

## "व्हॉट्सॲपमध्ये उघडला, पण लिहिताच येत नाही"

कारण मोबाईलवर पीडीएफ नुसती दाखवणारी ॲप आणि भरू देणारी ॲप वेगळी. टिचकी मारल्यावर फाइल दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडली तर चौकटी मुक्याच राहतात. ॲक्रोबॅट रीडरचं फुकट ॲप टाकून त्यात उघडा, भरा, सेव्ह करा आणि तिथूनच पाठवा. फॉर्मसोबत ही सूचना व्हॉट्सॲपवर लिहून टाका, फॉर्मच्या आत नको. ज्याला फॉर्म उघडत नाही तो आतली सूचना कशी वाचणार? आणि सगळ्यांनी एकच ॲप वापरायचं ठरलं, खिर्डीची परीक्षा त्या ॲपमध्ये पास झाली, तर नाव मराठीत लिहू द्यायलाही हरकत नाही.

## "मोबाईल नंबर सक्तीचा करता येत नाही का?"

पीडीएफमध्ये चौकट सक्तीची अशी खूण करता येते, आणि काही ॲपमध्ये तिला लाल किनार येते. पण ही सक्ती फक्त फॉर्ममधल्या पाठवण्याच्या बटणापुरती असते. शेतकरी ते बटण दाबतच नाही. तो फाइल सेव्ह करतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. सेव्ह करताना कोणी अडवत नाही. म्हणून या सक्तीवर विसंबू नका. नाव, मोबाईल आणि गाव सगळ्यात वर ठेवा. अर्धवट भरणारासुद्धा सुरुवातीच्या तीन गोष्टी भरतोच.

## "भरलेला फॉर्म मधल्यामध्ये कोणी बदलला तर?"

बदलू शकतो. भरलेली पीडीएफ ज्याच्या हातात जाईल त्याच्याकडे ती भरायला मोकळीच असते. सचिवाकडे फॉर्म आला की त्याची एक पक्की प्रत करता येते. त्यात चौकटी पानात विरघळवून टाकायच्या, म्हणजे फक्त छापलेलं उरतं:

```
pdftk aalela.pdf output pakka.pdf flatten
```

पण लक्षात घ्या, विरघळतं ते चित्र. चित्रात खिर्डी फुटलेलं असेल तर ते तसंच कायमचं छापलं जातं, आणि शाबूत मजकूर मात्र त्या प्रतीतून जातो. म्हणून मूळ आलेली फाइल वेगळी ठेवा आणि पक्की प्रत वेगळ्या नावाने करा. एवढ्यानेही कोणी मुद्दाम खोटेपणा करायचा ठरवला तर तो थांबत नाही. त्याला डिजिटल सही लागते, आणि तो वेगळा विषय आहे.

याच कारणासाठी अशा फॉर्ममध्ये आधार नंबर किंवा बँकेचं खातं मागू नये. गाडी कुठल्या पंधरवड्यात लावायची हे ठरवायला आधार लागत नाही, आणि एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडलेली पीडीएफ किती मोबाईलमध्ये उतरली हे कोणाला सांगता येत नाही.

## "सत्तर फॉर्म आले, आता एक्सेलमध्ये कसे घ्यायचे?"

ॲक्रोबॅट प्रोमध्ये सगळे भरलेले फॉर्म एकदम निवडून त्यांचा एक तक्ता करण्याची सोय आहे. फुकटात करायचं तर वरचीच `dump_data_fields_utf8` ही कमांड प्रत्येक फाइलवर चालवून उतारे गोळा करता येतात. ते एका तक्त्यात ओढायला थोडं प्रोग्रामिंग लागतं, पण `mobile`, `khod` अशी नावं सगळीकडे सारखी असल्यामुळे ते अवघड नाही. चौकटींना `Text Box 1`, `Text Box 2` हीच आपोआप आलेली नावं राहू दिली असतील तर मात्र तक्त्यातला कुठला रकाना खोडांचा आणि कुठला गट नंबरचा हे शोधण्यात वेळ जाईल.

फॉर्म मध्येच बदलला, एक प्रश्न वाढवला, तर जुन्या चौकटींची नावं बदलू नका. नवीन चौकटीला नवीन नाव द्या. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आवृत्ती आणि तारीख छापा, आणि फाइलच्या नावातही ती टाका, `kapani_v2.pdf` अशी. जुना फॉर्म ग्रुपमध्ये महिनोन्महिने फिरत राहतो, आणि परत आलेला फॉर्म कुठल्या आवृत्तीचा हे न उघडता कळायला हवं.